तारखांमधल्या फटी

फाइल बारा दिवसांची होती आणि आलेख बारा महिन्यांचा आला होता. एका शेतकरी गटाचा हिशेब ठेवणाऱ्या बाईंनी लॅपटॉप माझ्यासमोर सरकवला आणि म्हणाल्या, "सर, मी तर फक्त जूनचे कांद्याचे भाव घातलेत. हा वर्षभर कुठून आला?" आलेखात नऊ स्तंभ होते, जाडजूड, नीट उभे. फेब्रुवारी, जून आणि सप्टेंबर तेवढे रिकामे. माहिती नसलेला एखादा माणूस त्या तीन रिकाम्या महिन्यांचं कारणही शोधून काढेल, आणि ते पटण्यासारखं असेल.

एक्सेलच्या आलेखात तारखांच्या अक्षावर दोन तक्रारी कायम येतात. एकाला मधे नको असलेल्या फटी दिसतात, दुसऱ्याच्या तारखा निव्वळ नावांसारख्या ओळीने लागतात, आणि अंतराचा हिशेबच राहत नाही. या दोन वेगळ्या तक्रारी समजून त्यांच्यावर वेगवेगळे उपाय सांगितले जातात. माझ्या मते मूळ एकच आहे. आडव्या अक्षाची दोन रूपं आहेत. `Date axis` काळ मोजतो, म्हणजे १५ तारखेनंतर १८ आली तर मधे दोन दिवसांची जागा सोडतो. `Text axis` ओळी मोजतो, त्याच्यासाठी १५ नंतरची ओळ ही पुढची ओळ, मग ती १८ ची असो की पुढच्या वर्षीची. कुठलं रूप घ्यायचं हे आपण सांगितलं नाही तर `Automatically select based on data` या पर्यायाखाली एक्सेल स्वतः ठरवतो. तो ठरवतो ते तारखांच्या रकान्याकडे बघून, आणि रकान्यात काय आहे हे आपल्याला वाटतं तसं असेलच असं नाही.

बाईंच्या फाइलीत नेमकं हेच झालं होतं. बाजार समितीकडून आलेली सीएसव्ही फाइल त्यांनी दोनदा टिचकी मारून उघडली. फाइलीत तारखा आपल्या पद्धतीच्या, दिवस आधी, मग महिना: 03/06/2024. संगणकाची विंडोज मात्र बसवताना अमेरिकन प्रदेशावर राहिलेली, आणि सीएसव्ही उघडताना एक्सेल तारखेचा क्रम विंडोजच्या त्या सेटिंगमधून घेतो. अमेरिकेत महिना आधी. म्हणून ३ जूनची ६ मार्च झाली. ४ जूनची ६ एप्रिल, १२ जूनची ६ डिसेंबर. नऊच्या नऊ ओळी वेगवेगळ्या महिन्यांच्या ६ तारखेवर जाऊन बसल्या. दोन तारखांमधलं कमीत कमी अंतर तीस दिवसांचं दिसल्यावर एक्सेलने अक्षाचं एकक महिना धरलं आणि जाड स्तंभांचा वार्षिक आलेख काढून दिला. २ आणि ९ जूनला रविवार, म्हणून फेब्रुवारी आणि सप्टेंबर गायब. ६ जूनला अमावास्या होती. नाशिककडच्या कांदा बाजारांत अमावास्येला लिलाव बंद ठेवायची जुनी रीत, या समितीतही तो दिवस बंद होता. उलटसुलट करूनही खरी राहिली असती अशी पहिल्या बारा दिवसांतली ती एकच तारीख, ६/६, आणि नेमकी तीच फाइलीत नव्हती.

हा घोटाळा डोळ्यांना का दिसत नाही तेही बघण्यासारखं आहे. सेलमध्ये दिसत होतं 3/6/2024. एक्सेलच्या लेखी ती ६ मार्च होती, कारण तो अमेरिकन पद्धतीने दाखवत होता. बाईंनी वाचली ३ जून. दोघंही आपापल्या परीने बरोबर, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं झालेलं नाही. म्हणून तारखेच्या रकान्यावर नुसती नजर फिरवून काही कळत नाही. रकान्याचं फॉरमॅट `d mmm yyyy` करावं म्हणजे महिना अक्षरात दिसतो आणि सोंग उघडं पडतं. किंवा `General` करावं. एक्सेलमध्ये तारीख म्हणजे मुळात एक आकडा, १ जानेवारी १९०० पासून मोजलेला दिवसांचा क्रमांक. ३ जून २०२४ असेल तर 45446 दिसायला हवं. बाईंच्या सेलमध्ये 45357 होतं, ती ६ मार्च.

महिना संपल्यावर त्यांनी पूर्ण फाइल घेतली तेव्हा दुखणं पुढच्या टप्प्यात गेलं. 13/06/2024 ला तेरावा महिना नसतो, त्यामुळे एक्सेलने ती तारीख मानलीच नाही, अक्षरं म्हणून तशीच ठेवली. म्हणजे एकाच रकान्यात पहिल्या नऊ ओळी चुकीच्या तारखा आणि पुढच्या चौदा ओळी तारखाच नाहीत, नुसता मजकूर. हे मात्र ओळखता येतं. रकान्याला मुद्दाम डावी-उजवी मांडणी दिलेली नसेल तर खऱ्या तारखा सेलच्या उजव्या कडेला चिकटतात आणि मजकूर डाव्या. डोळ्यांवर भरवसा नसेल तर मोजून बघावं:

```
=COUNT(A2:A24)
=COUNTA(A2:A24)
```

पहिलं सूत्र फक्त आकडे मोजतं, दुसरं रिकामं नसलेलं सगळं. तारखांच्या रकान्यात दोन्ही उत्तरं सारखी यायला हवीत. इथे आली ९ आणि २३. उत्तरं सारखी आली तरी अदलाबदल झालेली नाही याची हमी नाही, हे पहिल्या बारा दिवसांच्या फाइलीने दाखवलंच आहे. म्हणून ही तपासणी आणि महिना अक्षरात बघण्याची तपासणी, दोन्ही कराव्यात.

बिघडलेल्या रकान्यावर सूत्राची मलमपट्टी करता येते. जी तारीख झाली आहे तिचा दिवस-महिना परत फिरवायचा, जी मजकूर राहिली आहे ती तुकड्यांनी वाचायची:

```
=IF(ISNUMBER(A2),
 DATE(YEAR(A2),DAY(A2),MONTH(A2)),
 DATE(RIGHT(A2,4),MID(A2,4,2),LEFT(A2,2)))
```

हे सूत्र चालतं, पण मला ते आवडत नाही. संपूर्ण रकाना एकाच चुकीच्या वाटेने आला असेल तरच ते खरं. मधल्या चार तारखा कोणी हाताने नीट केल्या असतील तर त्या हे सूत्र पुन्हा बिघडवेल, आणि तसं केल्याची कुठलीही खूण राहणार नाही. मजकुराच्या मागे-पुढे एखादी मोकळी जागा असली तरी तुकडे चुकतात. फाइल हाताशी असेल तर ती नव्याने आणावी हेच बरं. `Data` मधल्या `From Text/CSV` ने फाइल आणून `Transform Data` वर जावं. तिथे एक्सेलने तारखांवर आधीच प्रकार लादला असेल तर ती `Changed Type` ची पायरी काढून टाकावी, मग रकान्यावर `Change Type` मधून `Using Locale` निवडून प्रकार `Date` आणि प्रदेश `English (India)` द्यावा. ती मधली पायरी काढायला लोक विसरतात, आणि आधीच उलटलेल्या तारखांवर भारतीय शिक्का मारून समाधान मानतात.

तिरक्या रेघांच्या तारखांपेक्षा टिंबांच्या तारखा जास्त प्रामाणिक, असं मी गमतीने म्हणतो. आपल्याकडे कार्यालयीन पत्रांत 15.06.2024 लिहायची सवय जुनी आहे आणि तीच एक्सेलमध्ये उतरते. अमेरिकन काय किंवा भारतीय इंग्रजी काय, दोन्ही सेटिंगांत एक्सेल या टिंबांना तारीख मानत नाही. त्यामुळे उलटापालट काहीच होत नाही, सगळा रकाना मजकूर राहतो आणि आलेखाला आपोआप `Text axis` मिळतो. आलेख दिसतो छान. एकही फट नाही. चूक कळते ती नोंदी उलट्या क्रमाने असल्या तर, कारण मजकुराचा अक्ष ओळी आहेत त्याच क्रमाने लावतो. बऱ्याच बँकांच्या उताऱ्यात ताजी नोंद वर असते, मग शिल्लक भविष्यातून भूतकाळाकडे धावू लागते. खऱ्या तारखांचा अक्ष मात्र तक्त्यात ओळी कशाही असल्या तरी काळाच्या क्रमाने लावून घेतो. टिंबांचा रकाना दुरुस्त करायला सोपा आहे. रकाना निवडून `Data` मधल्या `Text to Columns` मध्ये जायचं, तिसऱ्या पायरीवर `Date` निवडून शेजारी `DMY` द्यायचं आणि `Finish`.

या ठिकाणी एक फसवा उपाय सर्रास केला जातो. अक्ष मजकुराचा झालाय ना, मग `Format Axis` मध्ये जाऊन `Date axis` वर टिचकी मारा. मजकुराला तारीख मानण्याचा हुकूम दिला तरी त्यात आकडा येत नाही. एक्सेल मग ओळींना १, २, ३ असे क्रमांक देतो आणि तेच क्रमांक तारखा म्हणून वाचतो. अक्षावर जानेवारी १९०० उगवतो. आलेखात १९०० साल दिसलं की दुसरीकडे शोधू नये, तारखांचा रकाना मजकूर आहे किंवा त्यात कुठेतरी शून्य अथवा रिकामं सेल आहे. याच जातीची दुसरी खूण म्हणजे १९०५. रकान्यात नुसती वर्षं असतील, 2019, 2020, आणि त्यांना तारखेचं फॉरमॅट लागलं, तर २०१९ वा दिवस म्हणजे ११ जुलै १९०५. पुढचं वर्ष १२ जुलै. सगळा पंचवार्षिक अहवाल एका आठवड्यात उरकतो. वर्षांना तारीख करूच नये, तिथे `Text axis` हाच योग्य.

तारखा खऱ्या झाल्या की दुसरी तक्रार सुरू होते. बाईंचा जून आता जून दिसू लागला आणि स्तंभांमध्ये खड्डे पडले. रविवार चार, कारण ३० तारखेच्या रविवारआधीच नोंदी संपल्या होत्या, एक अमावास्या, आणि १७ जूनची बकरी ईद. त्या म्हणाल्या, "आधीचाच बरा होता."

फटी घालवायचा उपाय एका टिचकीचा आहे: अक्षावर उजवी टिचकी, `Format Axis`, `Axis Type` मध्ये `Text axis`. तारखा खऱ्याच राहतात, फक्त अक्ष ओळी मोजू लागतो. हा उपाय सांगून बहुतेक जण थांबतात. फट कशाची आहे हे कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते सगळा प्रश्न तिथेच आहे.

शेअर बाजाराची फट घ्या. शनिवार-रविवारी व्यवहारच नाहीत. त्या दिवशी भाव मोजायचा राहिला असं नाही, भाव ठरलाच नाही. शुक्रवारनंतरचा दिवस सोमवार हेच त्या बाजाराचं पंचांग. इथे मजकुराचा अक्ष घ्यावा, आणि तो घेणंच खरं. सुट्ट्या वजा करणारं सूत्र लिहून वेगळी तारीखवारी तयार करण्याचा खटाटोप काही लोक करतात. तो अंगाशी येतो, कारण बाजाराचं पंचांग वारांवर चालत नाही. १२ नोव्हेंबर २०२३ ला रविवार होता आणि दिवाळीचे मुहूर्ताचे सौदे झाले. २० जानेवारी २०२४ च्या शनिवारी बाजार चालू होता आणि २२ च्या सोमवारी बंद. १ फेब्रुवारी २०२५ ला शनिवारी अर्थसंकल्प आला म्हणून बाजार उघडला. नोंद असलेल्या ओळी मोजणारा साधा अक्ष हे सगळे अपवाद न सांगता सांभाळतो.

पर्जन्यमापकाची फट वेगळी. आपल्याकडे पावसाची नोंद सकाळी साडेआठला, मागच्या चोवीस तासांची. समजा रविवारी कोणी गेलंच नाही. पाऊस तर पडला, मापकात साठला आणि सोमवारच्या नोंदीत दोन दिवसांचा मिळून आला. इथे मजकुराचा अक्ष लावून रविवार गिळून टाकला तर सोमवारी अतिवृष्टी झाली असं दिसेल. ही फट दिसलीच पाहिजे. आणि कोरडा दिवस ही तिसरी गोष्ट, तिथे फट नको, शून्य हवं. स्तंभालेखात शून्य आणि न घेतलेली नोंद दोन्ही रिकामी जागाच दिसतात, हा त्या आलेखाचाच दोष. न घेतलेल्या दिवसांवर वेगळी खूण करावी लागते.

रेषालेखात तर गंमत उलटी होते. तारखांचा अक्ष असला तरी रेषा शनिवारवरून थेट सोमवारला सरळ जोडली जाते, फट दिसतच नाही. लोक मग `Select Data` मधल्या `Hidden and Empty Cells` मध्ये जाऊन `Gaps` निवडतात आणि काहीच बदलत नाही म्हणून वैतागतात. तो पर्याय रिकाम्या सेलसाठी आहे. रविवारची ओळच तक्त्यात नसेल तर रिकामं सेलही नाही. रेषा तुटायला हवी असेल तर तक्त्यात रविवारची ओळ घालावी, तारीख लिहावी आणि आकड्याचं सेल खरोखर रिकामं ठेवावं. सूत्राने `""` आणलेलं सेल दिसतं रिकामं, पण आलेखात ते शून्य होतं आणि रेषा तळाला आपटून वर येते. सूत्रच हवं असेल तर `NA()` द्यावं. जुन्या आवृत्त्यांत त्यावरून रेषा जोडली जाते. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये त्याच खिडकीत `Show #N/A as empty cell` ही चौकट आहे, ती चालू असली की तुटते.

फटींची आणखी एक तऱ्हा आहे ज्यात तारीख कुठेच गहाळ नसते. महिनाअखेरीच्या तारखांचा आलेख, ३१ मार्च, ३० एप्रिल, ३१ मे. जाड स्तंभ, सगळं ठीक. मग कोणीतरी १५ जूनची एक मधली नोंद घालतं आणि सगळे स्तंभ एकदम सुईसारखे बारीक होऊन लांब लांब उभे राहतात. कमीत कमी अंतर आता पंधरा दिवस झालं, म्हणून एक्सेलने एकक महिन्याऐवजी दिवस धरलं, आणि प्रत्येक स्तंभाला एका दिवसाची रुंदी मिळाली. लोक स्तंभांमधली जागा, `Gap Width`, शून्यावर आणतात. सुई थोडी जाड होते, फट जात नाही. `Format Axis` मध्ये `Base` ला `Months` द्यावं. पण एकाच महिन्यात दोन नोंदी असतील तर त्या बेरीज होऊन येत नाहीत, एकावर एक चढतात आणि उंच स्तंभामागे बुटका लपतो. बेरीज आधी तक्त्यात करून घ्यावी.

तारखांच्या अक्षाला दिवसाखाली काही कळत नाही. सकाळ-संध्याकाळचं दूध संकलन किंवा दर तासाचं तापमान त्याच्यावर घातलं तर दिवसभराच्या सगळ्या नोंदी एका उभ्या रेघेत गोळा होतात. तिथे `Scatter` घ्यावा, त्याच्या अक्षावर १ म्हणजे एक दिवस, 0.25 म्हणजे सहा तास. आणि १९०० च्या आधीचं एक्सेल मानतच नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने ६ जून १६७४ लिहिलं तर ती तारीख कुठल्याही सेटिंगमध्ये मजकूरच राहणार.

बाईंच्या जूनकडे परत यायचं तर, त्यांच्या तक्त्यात भावाशेजारी आवकेचा रकानाही होता, किती क्विंटल माल आला त्याचा. भाव मी मजकुराच्या अक्षावर ठेवला, कारण लिलाव नसलेल्या दिवशी भाव नसतो. आवक त्याच्याखाली वेगळ्या आलेखात, तारखांच्या अक्षावर, खड्ड्यांसकट. रविवार आणि ईद लागून आल्याने १८ जूनचा स्तंभ शेजारच्यांपेक्षा बराच उंच होता. दोन दिवस घरी थांबलेला माल त्या दिवशी आला होता. मजकुराच्या अक्षावर तो स्तंभ बिनकारणाचा वाटत होता. तारखांच्या अक्षावर त्याच्या डाव्या हाताला दोन दिवसांची मोकळी जागा होती. बाईंनी त्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे राहू द्या." मग दिवस आणि महिन्याचा क्रम बदलायला त्यांनी विंडोजची सेटिंग उघडली. तिथे अजून अमेरिकाच होती.